गाव सोडताना बाळ सांभाळणाऱ्या मावशींना निरोप कसा द्यावा

आम्ही गेल्या वर्षी मे महिन्यात बेळगावातलं वडगावचं घर सोडून पुण्याला आलो. लेक तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. ती सात महिन्यांची असल्यापासून मावशी तिला सांभाळत होत्या. येळ्ळूरहून सकाळी नऊला यायच्या, संध्याकाळी सहाला जायच्या. लेकीचा पहिला घास, पहिलं पाऊल आणि दुपारची झोप, सगळं त्यांच्या मांडीवर झालं. त्यांना आम्ही जाणार हे कसं कळवायचं, यात माझ्याकडून दोन मोठ्या चुका झाल्या. त्या लेकीलाही भोवल्या आणि मावशींनाही. नंतर त्या सुधारताना जे उमगलं ते इथे सांगते आहे. पहिल्यांदाच बदली झालेल्या, लहान मूल असलेल्या घरांना ते उपयोगी पडेल.

एक आधीच सांगते. हा एका निरोपाचा मामला नाही. तीन निरोप लागतात: एक जायचं ठरल्यावर, दुसरा जायच्या आठवडाभर आधी आणि तिसरा नव्या गावी पोचल्यावर. तिन्हींचं काम वेगळं आहे. मी सगळं एकाच मेसेजमध्ये कोंबलं आणि तिथेच फसले.

आधी मावशींना, मग मुलाला

माझी पहिली चूक अशी की मावशींना फार उशिरा सांगितलं. सामान हलवणारा माणूस कपाटं मोजायला आला आणि त्याच्या तोंडून त्यांना कळलं. जायला नऊ दिवस उरले होते. त्या एवढंच म्हणाल्या, ‘सांगायचं होतं की वहिनी.’ त्यानंतरचे दोन दिवस त्या लेकीशी बोलायच्या, पण डोळ्यांत पाणी असायचं. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती रात्री दोनदोनदा उठू लागली.

म्हणून निदान एक महिना, जमलं तर दीड महिना आधी मावशींना सांगा, आणि मुलाला सांगण्याआधी सांगा. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे त्यांचा पगार जाणार असतो. बाळ सांभाळायचं नवं घर चार दिवसांत मिळत नाही. शेजारीपाजारी विचारावं लागतं, कुणाच्या तरी बाळंतपणाची रजा संपायची वाट बघावी लागते. दुसरं कारण मुलाचं आहे. मोठ्या माणसाला आपलं दुःख आवरायला थोडे दिवस लागतात. ते दिवस मावशींना मिळाले, तर मुलाला सांगायची वेळ येते तेव्हा त्यांचा आवाज थारावर असतो. लहान मूल शब्दांपेक्षा आवाज आणि चेहरा जास्त वाचतं.

पहिली बातमी मेसेजने देऊ नका. समोर बसून सांगा, मूल झोपलेलं असताना, चहा देऊन. मेसेज त्याच दिवशी संध्याकाळी पाठवा. बातमी ऐकताना माणसाच्या कानात निम्मंच शिरतं. तारीख कोणती, पगार कुठपर्यंत, हे घरी गेल्यावर पुन्हा आठवत नाही. त्यासाठी मेसेज.

वाचणार कोण, ऐकणार कोण

आपल्या बेळगाव भागात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, म्हणून हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मावशी घरात अस्खलित मराठी बोलतात, म्हणून त्या मराठी वाचतातच असं नाही. माझ्या मावशींची शाळा कन्नडमधून चौथीपर्यंत झाली होती. देवनागरी त्यांना अडखळत वाचता यायची. मी लिहिलेला लांबलचक मेसेज त्यांच्या मुलाने घरात मोठ्याने वाचून दाखवला. त्यात पगाराचा आकडाही होता, आणि त्यांना तो घरात उघड करायचा नव्हता. हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा आधी सरळ विचारा, ‘मावशी, मी लिहून पाठवू की बोलून?’ बहुतेक वेळा बोलून पाठवलेलंच बरं. व्हॉट्सअॅपवर माइकचं चिन्ह दाबून वर सरकवलं की ते लॉक होतं आणि बोट न धरता बोलता येतं. एक मिनिटाच्या आत संपवा. जास्त बोलायचं असेल तर दोन वेगळे तुकडे करा, म्हणजे त्यांना हवा तो भाग पुन्हा ऐकता येतो. फोन घरात एकच असेल तर पैशांची गोष्ट मेसेजमध्ये घालू नका. ती समोरासमोर ठरवा आणि आकडा एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.

पहिला निरोप: तारीख, पैसे आणि पुढचं काम

या निरोपात भावना थोड्या आणि माहिती नेमकी हवी. मी लिहिलेला पहिला मेसेज असा सुरू होत होता: ‘तुमच्याशिवाय ती राहूच शकणार नाही, आम्हाला कळतच नाही काय करावं.’ मला वाटलं होतं मी प्रेम दाखवते आहे. मावशींनी तो वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘मग मी येऊ काय तिकडं?’ त्यांचा नवरा आजारी, घरी सून बाळंतपणाला आलेली. त्यांना येणं शक्य नव्हतं आणि आम्हीही तसं ठरवलेलं नव्हतं. माझ्या वाक्याने त्यांच्यावर ओझं पडलं, जणू पोरीचं दुःख त्यांच्या न येण्यामुळे होणार होतं. असं वाक्य लिहू नका. त्यांना सोबत न्यायचा विचार खरंच असेल तर एकदाच, समोर, पगार आणि राहायची सोय सांगून विचारा. ‘नाही’ म्हटल्यावर पुन्हा विषय काढू नका.

आज मला तो निरोप द्यायचा असता तर असा दिला असता:

‘मावशी, दुपारी बोललो तेच पुन्हा सांगते, म्हणजे तुमच्याजवळ राहील. आम्ही अठ्ठावीस मेला पुण्याला जाणार. तुमचं काम सव्वीस मेपर्यंत. पैशांचं आपण ठरवलंय तसंच, तुमच्याजवळ कागद आहेच. आमच्या ओळखीच्या दोन घरांत बाळं आहेत, त्यांना तुमच्याबद्दल सांगू का? तुम्ही हो म्हणालात तरच सांगते. छकुलीला अजून काही सांगितलं नाही. आठवडाभर आधी आपण दोघी मिळून सांगू. तोवर तिच्यासमोर विषय नको. तुम्ही तिला जसं सांभाळलंत तसं मलाही जमलं नसतं.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. माझ्या बाबतीत ते खरं होतं. मला तिला दुपारी झोपवता यायचं नाही.

पैशांचं कसं ठरवायचं हे प्रत्येक घराच्या ऐपतीवर आहे. आम्ही चालू महिन्याचा पूर्ण पगार आणि दोन वर्षांच्या कामाबद्दल दोन महिन्यांचा पगार वेगळा दिला. साडीचोळी केली ती निराळी. साडी पैशांच्या जागी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आणि पैसे शेवटच्या दिवशी मुलासमोर देऊ नका. चार दिवस आधी द्या. शेवटचा दिवस त्या दोघींचा राहू दे.

दुसरा निरोप: मुलाला काय सांगायचं, ते सगळ्यांनी एकच सांगायचं

इथे माझी दुसरी चूक झाली, आणि ती आपल्या भाषेतच दडलेली आहे.

आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ म्हणणं अशुभ. कन्नड बोलणारी शेजारीणही ‘होगी बर्तीनी’ म्हणते, म्हणजे जाऊन येते. मावशी दोन वर्षं रोज संध्याकाळी सहाला दारात चप्पल घालताना लेकीला म्हणायच्या, ‘येते हं बाळा.’ आणि दुसऱ्या दिवशी नऊला यायच्या. लेकीसाठी ‘येते’ या शब्दाचा अर्थ पक्का होता: आता जाणार, सकाळी येणार. शेवटच्या दिवशीही त्या सवयीने तेच म्हणाल्या. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुण्यात पहिल्या सोमवारी सकाळी लेक फ्लॅटच्या दाराशी जाऊन बसली. मी विचारलं तर म्हणाली, ‘मावशी येतेय.’ मंगळवारीही तेच. आठ दिवस ती रोज नऊच्या सुमाराला दाराशी बसत होती आणि जेवायला तिथून उठत नव्हती. मावशींनी शब्द दिला होता, म्हणून ती वाट बघत होती.

या वयाच्या मुलाला ‘दोन महिन्यांनी’, ‘दिवाळीत’, ‘लवकरच’ यातलं काहीच कळत नाही. त्याला आज, उद्या आणि ‘एवढ्या वेळा झोपलं की’ एवढंच कळतं. म्हणून तीन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाला महिनाभर आधी सांगण्यात अर्थ नाही. तो महिना नुसत्या धास्तीत जातो. पाच ते सात दिवस आधी सांगा. चार-पाच वर्षांचं मूल असेल तर दोन आठवडे आधी. वर्षाच्या आतल्या बाळाला शब्दांनी काही सांगायचं नसतं. त्याच्यासाठी शेवटच्या आठवड्यांत रोजच्या कामांतला एकेक तुकडा आई-बाबांनी हळूहळू आपल्या हातात घ्यायचा: आधी दुपारचं जेवण, मग आंघोळ, शेवटी झोपवणं. मावशींनी शेजारी बसायचं. खरं तर हे मोठ्या मुलांसाठीही करावं. मी केलं नाही, म्हणून पुण्यात पहिल्याच दुपारी मला कळलं की लेकीला झोपवताना मावशी तिच्या कपाळावरून नाही, भुवयांवरून बोट फिरवायच्या.

मुलाला सांगायच्या आदल्या दिवशी मावशींना दुसरा निरोप द्या. त्यात नेमके शब्द ठरवा, कारण आईने एक सांगितलं, आजीने दुसरं आणि मावशींनी तिसरं, तर मूल त्यातलं सगळ्यात गोड तेवढं धरून बसतं. बोलून पाठवायचा मजकूर साधारण असा:

‘मावशी, उद्या सकाळी छकुलीला सांगू. आपण सगळे हेच सांगूया: आई, बाबा आणि छकुली पुण्याच्या घरी राहणार. मावशी येळ्ळूरला तिच्या घरी राहणार. मावशी रोज येणार नाही. मावशी फोनवर दिसणार आणि बोलणार. तिने विचारलं, “तू का येत नाहीस?” तर सांगा, पुणं लांब आहे, माझं घर इथं आहे. तू शहाणी नाहीस म्हणून येत नाही, असं चुकूनही म्हणू नका. आणि एक मागणं आहे. शेवटच्या दिवशी “येते” म्हणू नका. “फोनवर भेटू” म्हणा. तुम्हाला ते कसंसं वाटेल, मलाही वाटतं, पण “येते” म्हटलं की ती वाट बघते.’

‘येते’ न म्हणणं मावशींना अवघड जाईल. माझ्या ओळखीतल्या एका बाईने यावर चांगली वाट काढली. मावशींनी मुलाला दारात ‘फोनवर भेटू’ म्हटलं, आणि जिना उतरल्यावर खाली आईला ‘येते वहिनी’ म्हटलं. रीतही पाळली गेली आणि मुलाची फसगतही झाली नाही.

‘ती रडेल म्हणून मी तिची पाठ वळल्यावर हळूच निघते’ असंही मावशी म्हणतील. ते होऊ देऊ नका, आणि निरोपात तसं आधीच सांगून ठेवा. समोर निरोप घेतला की मूल मोठ्याने रडतं आणि थांबतं. माणूस न सांगता नाहीसा झाला तर ते त्या वेळी कमी रडतं, पण पुढे आई मोरीत गेली तरी मागे येतं. डोळ्याआड झालेलं कुणीही नाहीसं होऊ शकतं, असं त्याला वाटू लागतं.

याच निरोपात एक वस्तू मागून ठेवा. मावशींची जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी. आपल्याकडे तिची छोटी वाकळ शिवून मिळते. आठवडा पुरत नसेल तर शिवू नका, नुसता तुकडा घ्या. पण शेवटचे दोन-तीन दिवस मावशींनी तो वापरलेला असावा आणि पुण्याला गेल्यावर निदान दोन आठवडे तो धुऊ नये. मुलाला त्यातला वास हवा असतो. माझ्या सासूबाईंनी आमचा तुकडा पोचल्या दिवशीच साबणात घातला. वाळल्यावर लेकीने तो हुंगला आणि बाजूला टाकला.

तिसरा निरोप: फोन कधी, किती, कसा

पोचल्यावर पहिल्याच रात्री व्हिडिओ कॉल लावायची घाई करू नका. मूल नव्या घरात दमलेलं असतं. समोर मावशी दिसते, पण हात लावता येत नाही, म्हणून ते चिडतं. त्या रात्री मावशींना फक्त ‘सुखरूप पोचलो’ एवढं बोलून पाठवा आणि पुढचं ठरवा. ठरवताना वार आणि वेळ सांगा. ‘अधूनमधून करू’ म्हटलं की मावशी बिचाऱ्या फोन हातात घेऊन बसतात.

आम्ही पहिले तीन आठवडे मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी पाचला, दहा मिनिटांच्या आत असं ठेवलं. झोपायच्या वेळेला फोन ठेवू नका, कारण त्यानंतर झोप येत नाही. मधल्या दिवसांसाठी मावशींकडून छोटे आवाज मागून घ्या. मी त्यांना असं सांगितलं होतं: ‘मावशी, तुम्ही जेवताना चिऊचा घास, काऊचा घास म्हणायचात ना, तसंच अर्ध्या मिनिटाचं बोलून पाठवा. रडू आलं तर तेव्हा पाठवू नका, नंतर पाठवा. “माझी आठवण येते का?” असं विचारू नका. तिला उत्तर देता येत नाही आणि ती गप्प होते. त्यापेक्षा आज तुमच्या म्हशीने काय केलं ते सांगा.’ म्हशीच्या गोष्टी लेकीला आजही पाठ आहेत.

एक गोष्ट मावशींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या मनाला लावून घेतात. पहिल्या काही फोनवर मूल तोंड फिरवेल, खेळण्याशी खेळत बसेल, कदाचित पळून जाईल. ते विसरलेलं नसतं, रुसलेलं असतं. दुसऱ्या मंगळवारी लेक पलंगाखाली जाऊन बसली आणि मावशी फोनवर पदराने डोळे पुसत होत्या. मी फोन पलंगाखाली सरकवला आणि मावशींना म्हटलं, नुसतं बोलत राहा. सात-आठ मिनिटांनी आतून आवाज आला, ‘म्हशीला चारा घातला?’

‘येते’मुळे झालेला घोळही याच निरोपाने सुटला. मी मावशींना सगळं सांगितलं आणि त्यांच्याच आवाजात हे मागितलं: ‘छकुली, मावशी येळ्ळूरला आहे. मावशी पुण्याला रोज येत नाही. दारात बसू नको. मंगळवारी मावशी फोनवर दिसेल.’ सकाळी साडेआठला, दाराकडे जायच्या आधी, तिला ऐकवलं. ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी गेली, पण बसली नाही. म्हणाली, ‘मावशी फोनवर,’ आणि परत आली. चार दिवसांत दाराशी जाणं थांबलं. मी तिला हेच आठ दिवस सांगत होते आणि ती ऐकत नव्हती. शब्द मावशींनी दिला होता, तो त्यांनीच परत घ्यायला हवा होता.

फोननंतर मूल रडलं म्हणजे फोन बंद करायला हवा असं नाही. रडून अर्ध्या तासात ते खायला-खेळायला लागलं तर सगळं ठीक आहे. पहिले काही आठवडे अंथरूण ओलं होणं, बोटं चोखणं, आईला सोडून न राहणं हेही होतं आणि हळूहळू कमी होतं. पण महिना उलटला तरी खाणं-झोपणं सुधारत नसेल, वजन उतरत असेल किंवा बोलणारं मूल बोलेनासं झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

भेटीचं वचन

‘सुट्टीत या की पुण्याला’ हे आपल्या तोंडून सहज जातं. मुलासमोर म्हणू नका, आणि मावशींनाही मोघम म्हणू नका. बेळगाव ते पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, बसने रात्र जाते. मावशी रोज आमच्याकडे यायच्या त्याला तिकीट पडत नव्हतं, कारण कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. पुण्यापर्यंतचं तसं नाही. बोलवायचं असेल तर येण्याजाण्याचं तिकीट काढून, तारीख ठरवून, त्यांच्या घरच्यांना विचारून बोलवा. आणि मुलाला भेटीच्या फक्त दोन दिवस आधी सांगा, ‘दोनदा झोपलं की मावशी.’

आम्हीच गणपतीत बेळगावला गेलो. मावशींना तारीख आधी कळवली होती, लेकीला आदल्या दिवशी सांगितलं. ती त्यांना बघून माझ्यामागे लपली. मावशींनी पुढे येऊन उचलून घेतलं नाही, कारण तेही मी आधी बोलून पाठवलं होतं: ‘तिला लगेच घेऊ नका, खाली बसा, ती येईल.’ त्या ओट्यावर शेंगा सोलत बसल्या. पंधरा मिनिटांनी लेक जवळ गेली, त्यांच्या परातीतली एक शेंग उचलली आणि त्यांच्या मांडीला टेकून बसली.

निघताना मावशी दारात म्हणाल्या, ‘फोनवर भेटू हं बाळा.’ मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, ‘या हं वहिनी.’